कापलेला कर कोणाचा?

इंदिरा नगरातील आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा डिसेंबरात पगारपत्रक घेऊन आला. ‘चाचाजी, सव्वा लाख ठरले होते, मग हे टीडीएसचे 8,125 रुपये कुठे जातात?’

हिशेब अवघड नव्हता. वार्षिक वेतन 15 लाख. नव्या करप्रणालीत 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट जाता 14,25,000 उरतात. आर्थिक वर्ष 2025-26च्या दरांनी त्यावर 93,750 रुपये कर आणि 4 टक्के उपकर धरून 97,500 होतात. मालक वर्षारंभीच हा अंदाज बांधतो आणि त्याचा बारावा हिस्सा दरमहा कापतो. म्हणजे टीडीएस हा निराळा कर नव्हे. वर्षअखेरच्या कराचाच तो हप्ता आहे.

आधीच का कापायचा? सरकारला वर्षभर पैसा लागतो आणि लाखो नोकरदारांच्या मागे धावण्यापेक्षा त्यांच्या मालकांकडून वसूल करणे स्वस्त पडते. ही युक्ती आजची नाही. 1886च्या प्राप्तिकर कायद्यात सरकारी नोकरांचा कर पगारातूनच कापला जाई. 1922च्या कायद्याच्या कलम 18ने उगमस्थानी कपातीची तरतूद केली. साम्राज्याला हिशेबनीस मालकांच्या रूपाने फुकट मिळाले, असे इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला नेहमी वाटते.

खरा प्रश्न त्या मुलाच्या फॉर्म 26 एएसमध्ये होता. एप्रिल ते जूनची कपात तेथे दिसत होती. जुलै ते सप्टेंबरची, म्हणजे 24,375 रुपये, दिसत नव्हती. थोडा विलंब स्वाभाविक असतो. मालकाने रक्कम पुढील महिन्याच्या 7 तारखेपर्यंत भरायची, पण नोंद उमटते ती तिमाही विवरणपत्रानंतर. त्या तिमाहीची मुदत मात्र 31 ऑक्टोबरलाच संपली होती. एक तर विवरणपत्र राहिले होते किंवा पॅन चुकला होता, नाहीतर पैसा कापून भरलाच नव्हता.

शेवटची शक्यता खरी ठरली, तरी कायदा नोकरदाराच्या बाजूने आहे. 1961च्या कायद्याच्या कलम 205नुसार कापला गेलेला कर नोकरदाराकडून पुन्हा मागता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2007 साली पगाराच्याच प्रकरणात हे स्पष्ट केले: वसुली मालकाकडून करा. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानेही 1 जून 2015 रोजी अधिकाऱ्यांना तशाच सूचना दिल्या.

तरीही प्रक्रिया केंद्राचा संगणक 26 एएसच पाहतो. नोंद नसेल तर श्रेय नाकारले जाते आणि मागणीची नोटीस निघते. ही विसंगती प्रशासनाची आहे. तिचा भार नोकरदाराने का वाहावा, याचे समर्थन मला सेवेत असतानाही सापडले नव्हते.

मी त्याला पगारपत्रके आणि निव्वळ पगार जमा झाल्याच्या बँकेच्या नोंदी जपून ठेवायला सांगितले, कारण कपात झाल्याचा पुरावा नोकरदारालाच द्यावा लागतो. मालकाला त्याने लेखी विचारले आहे. उत्तर अजून आलेले नाही.