एक इंडक्शन, एक कुकर आणि आठवड्याचा बिरिस्ता

धारूर तालुक्यातल्या एका भगिनीचे पत्र आले आहे. मुलगी परळी वैजनाथला शिकते आणि होस्टेलमध्ये राहते. मेसचे जेवण तिच्या पोटाला मानवत नाही. खोलीत इंडक्शन वापरायची परवानगी आहे, पण फ्रिज नाही. आठवड्याला साडेसहाशे रुपयांपेक्षा जास्त देणे घराला जमत नाही. पत्रात त्या लिहितात, ‘रविवारी एकदाच सगळे करून ठेवते म्हणाली. पण सोमवारी रात्री सालन आंबले आणि मंगळवारपासून वडापाव सुरू. आपा, काहीतरी सांगा.’

पहिली गोष्ट म्हणजे ‘रविवारी आठवड्याचे शिजवून ठेवा’ हा सल्ला फ्रिज असलेल्या घराचा आहे. परळीच्या उन्हाळ्यात बंद खोली रात्रीही तापलेली असते. पाणी असलेला पदार्थ, म्हणजे डाळ, भात किंवा सालन, तिथे सकाळपर्यंतही भरवशाचा राहत नाही. म्हणून रविवारी जेवण शिजवायचे नाही. ज्या कामाला वेळ लागतो आणि ज्यातले पाणी काढून टाकता येते, तेवढेच काम उरकायचे. सालनात सर्वांत जास्त वेळ कशाला लागतो? कांदा परतायला. तोच कांदा कुरकुरीत तळून ठेवला की झाला बिरिस्ता. आपल्या घरांत तो बिर्याणीपुरता करतात. होस्टेलच्या मुलीसाठी आम्ही तो आठवडाभराचा आधार मानतो.

एका आठवड्याला एक किलो कांदा लागतो. पातळ, एकसारखा चिरायचा. जाड-बारीक तुकडे मिसळले तर अर्धे जळतात आणि अर्धे ओले राहतात. चिरलेला कांदा ताटात पसरून पातळ ओढणी टाकून गच्चीवर दोन तास उन्हात ठेवावा. परळीचे ऊन फुकट आहे, त्याने निम्मे काम होते, तेल आणि वीज दोन्ही वाचतात. मीठ मात्र लावू नये, कांद्याला पाणी सुटते. सपाट बुडाच्या कढईत पाव लिटर तेल तापवून दोन घाण्यांत तळावा. एका घाण्याला बारा-पंधरा मिनिटे लागतात. सोनेरी रंग दिसला की लगेच काढायचा, कारण बाहेर काढल्यावरही तो आपल्या उष्णतेने अजून गडद होतो. कढईतच तपकिरी होऊ दिला तर ताटात काळा आणि कडू होईल. कागदावर पसरून पूर्ण गार होऊ द्यावा. कोमट असतानाच डब्यात भरला तर आत वाफ धरते आणि तिसऱ्या दिवशी बुरशी दिसते. गार झाल्यावर मुठीत चुरला की करकर आवाज यायला हवा. आवाज आला नाही तर पाच मिनिटे मंद आचेवर पुन्हा परतावा. एक किलोचा पाव किलोच्या आसपास बिरिस्ता होतो, म्हणजे सात भांडी सालन किंवा खिचडी. उरलेले तेल गाळून आठवड्याच्या फोडणीला वापरावे, त्याला कांद्याची छान चव असते. त्यातच पुन्हा तळण काढू नये.

आता शेगडीचे. इंडक्शनवर भांडे चालेल का, हे लोहचुंबकाने कळते. बुडाला चुंबक घट्ट चिकटला तर चालेल. घरचा जुना ॲल्युमिनियमचा कुकर पाठवू नका, तीन लिटरचा इंडक्शन बुडाचा घ्या. लोखंडी तवा चालतो, पण तो सपाट हवा. गावाकडचा खोलगट तवा नीट तापत नाही. शेगडी पूर्ण म्हणजे २००० वॉटवर लावली तर जवळपास नऊ अँपिअर वीज ओढते, आणि खोलीतला मोबाइल चार्ज करायचा साधा प्लग तेवढ्यासाठी नसतो. मोठ्या पिनचा पॉइंट नसेल तर १००० वॉटच्या वर जाऊ नये आणि मध्ये एक्स्टेन्शन वायर लावू नये. दहा मिनिटांनी प्लगला हात लावून पाहावा. गरम लागला तर पॉइंट ढिला आहे. शेगडी बंद करून वॉर्डनला सांगावे. आणखी एक खोड माहीत असू द्या: स्वस्त इंडक्शन मंद आचेवर सतत मंद चालत नाही, थोडा वेळ जोरात आणि थोडा वेळ बंद असे चालते. त्यामुळे पातळ बुडाच्या भांड्यात मधोमध जळते. कढई जाड बुडाचीच हवी.

रविवारची बाकीची दोन कामे छोटी आहेत, आणि ती तेलाच्या आधी कोरड्या कढईत करावीत म्हणजे भांडे एकदाच घासावे लागते. अर्धा किलो शेंगदाणे मंद आचेवर भाजून घ्यावेत. निम्म्यांचे खलबत्त्यात जाडसर कूट करावे. उरलेल्यांत लाल तिखट, मीठ आणि कोरडा होईपर्यंत परतलेला लसूण घालून चटणी कुटावी. लसूण कच्चा घातला तर चटणी चार दिवसांत वास मारते. मग अर्धा किलो रवा भाजावा, त्यात मोहरी, सुकी मिरची आणि कुरकुरीत तळलेला कढीपत्ता घालून मीठ टाकावे. सकाळी एक वाटी मिश्रणाला अडीच वाटी उकळते पाणी दिले की पाच मिनिटांत उपमा तयार. रमजानमध्ये सेहरीलाही हा डबा उपयोगी पडतो.

एक डबा घरून जायला हवा, तो म्हणजे येसर. आपल्या मराठवाड्यात लग्नाच्या पंगतीतली येसर आमटी कोणाला सांगायला नको. आमचे प्रमाण असे: एक वाटी बाजरी, एक वाटी हरभरा डाळ, अर्धी वाटी गहू, पाव वाटी उडीद डाळ. प्रत्येक जिन्नस वेगळा खमंग भाजायचा, थोडे धणे-जिरे भाजून घालायचे, गिरणीवर दळायचे आणि घरचा काळा मसाला मिसळायचा. होस्टेलच्या डब्यात सुके खोबरे घालू नका, उष्णतेत ते खवट होते. खोबऱ्याशिवाय आणि ओला चमचा न लावता येसर दोन महिने सहज टिकते.

आता रोजचे गणित. सकाळी उपमा, आणि दुपारच्या डब्यासाठी दोन ज्वारीच्या भाकरी. सोबत चटणी, कांदा आणि उकडलेले अंडे. ज्वारीचे पीठ एका वेळी दीड किलोच न्यावे. जुन्या पिठाची भाकरी थापताना चिरते, मग मुलगी कंटाळून करणेच सोडते. परीक्षेच्या दिवसांत घरच्या कडक भाकरी पाठवा. त्यांत पाणी नसते म्हणून त्या टिकतात, आणि वीज गेली तरी चटणीशी खाता येतात. थर्मलच्या चिमण्यांखाली राहूनही वीज जातेच.

संध्याकाळी एकच भांडे आणि वीस-पंचवीस मिनिटे. उदाहरण म्हणून रविवारचे अंड्याचे सालन घ्या. दोन अंडी आधी कुकरमध्ये उकडून ठेवावीत. कढईत चमचाभर तेल, ठेचलेले आले-लसूण, दोन टोमॅटो आणि मीठ घालून टोमॅटो पूर्ण मऊ होऊ द्यावेत. मग एक मूठ बिरिस्ता चुरून घालावा. दोन चमचे येसर आधी गार पाण्यात कालवावे, थेट गरम भांड्यात टाकले तर गुठळ्या होतात. दोन वाट्या पाणी घालून सात मिनिटे उकळले की रस दाट होतो. त्यात अंडी सोडायची. घरी अर्धा तास कांदा परतून जी चव येते, ती इथे मुठीतून आली.

सोमवारी मसूर डाळीची खिचडी: शंभर ग्रॅम तांदूळ, पन्नास ग्रॅम डाळ, एक टोमॅटो, हळद, एक मूठ बिरिस्ता आणि तिप्पट पाणी. इंडक्शनवर कुकरची पहिली शिट्टी लवकर होते. ती झाली की आच निम्मी करावी, नाहीतर वर पाणी आणि खाली करपलेले. मंगळवारी डाळ-भात. त्याच सकाळी मटकी भिजवावी, रात्री फडक्यात बांधावी, बुधवारी संध्याकाळी मोड आलेले असतात. त्यांची उसळ करावी आणि वर कूट टाकावे. उन्हाळ्यात फडके चिकट लागले किंवा आंबूस वास आला तर ती मटकी टाकून द्यावी. गुरुवारी नुसती येसर आमटी आणि भाकरी. शुक्रवारी जुम्मा, पाव किलो कोंबडी त्याच दिवशी आणून त्याच दिवशी संपवावी. खोलीतली मैत्रीण मांसाहार करत नसेल तर आधी विचारावे आणि भांडे वेगळे ठेवावे. शनिवारी बटाटा किंवा स्वस्त मिळेल ती पालेभाजी.

अंडी बाजारातून आणल्यावर धुवू नयेत, खोलीतल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवावीत. उन्हाळ्यात एका वेळी सहाच आणावीत. शंका आली तर पाण्यात सोडावे. तरंगले तर टाकून द्यावे.

भाताबद्दल मात्र आम्ही कडक आहोत. उरलेला भात सकाळी फोडणीला टाकणे आपल्याकडे घरोघरी चालते, पण उकाड्याच्या खोलीत ते धोक्याचे आहे. तांदळात एका जंतूचे बीजकण असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात, ते पुन्हा गरम करूनही जात नाही. वास बदलत नाही, चव बदलत नाही, आणि खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. म्हणून भात मोजून एकाच वेळेपुरता शिजवावा, आणि डब्यात भात नव्हे, भाकरी न्यावी.

खर्चाचे म्हणाल तर दीड किलो पीठ, एक किलो तांदूळ, अर्धा किलो मसूर डाळ, पाव किलो मटकी, रवा, शेंगदाणे, दीड किलो कांदा, एक किलो टोमॅटो, बारा अंडी, तेल, थोडी भाजी आणि शुक्रवारची कोंबडी, हे आमच्या हिशेबात सव्वासहाशेच्या आसपास बसते. सर्वांत जास्त हलतात ते कांदा-टोमॅटो. टोमॅटो महागले तर त्याऐवजी चिमूटभर आमचूर किंवा चिंचेचा कोळ वापरावा. कांदा महागला तर अर्ध्या किलोचाच बिरिस्ता करावा आणि मूठ लहान करावी. रसाचा दाटपणा येसर सांभाळते. विजेचे पाच-सहा युनिट आठवड्याला जातात. होस्टेल त्याचे वेगळे पैसे घेते का, ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या.