बांध उंदरानं फोडला म्हणता? आधी ग्लासभर पाण्यात ढेकूळ टाकून पाहा



आमच्या खारपाणपट्ट्यात एक ठरलेलं नाटक आहे. उन्हाळ्यात माती नाला बांध होतो. जुलैत पहिल्यांदा पाणी भरतं. दोन दिवसांत बांधाला भोक पडतं, तिसऱ्या दिवशी बांध वाहून जातो. मग पंचनामा, आणि पंचनाम्यात एकच आरोपी: उंदीर. २०१९ साली कोकणात तिवरे धरण फुटलं तेव्हा खेकड्यांवर खापर फोडलं गेलं होतं. तिथली माती वेगळी, तिथलं कारण वेगळं, त्यावर मी बोलत नाही. पण बिनतोंडाच्या जनावरावर गुन्हा ढकलायची सवय सगळीकडं सारखीच दिसते.

माझं म्हणणं सरळ आहे. पूर्णा खोऱ्यातले असे बरेच बांध उंदीर फोडत नाहीत, माती स्वतःच फुटते. ती फुटणार आहे की नाही हे काम सुरू व्हायच्या आधी एका ग्लासात कळू शकतं. ती ग्लासाची चाचणी इस्टिमेटमध्ये नसणं हा खरा गुन्हा आहे.

माझ्या वावराला लागून झालेल्या बांधाचं सांगतो. लांबी ४० मीटर, मधे उंची साडेतीन मीटर. माती वरच्याच अंगाला नाल्याकाठी खड्डा करून काढली. काम एप्रिलच्या शेवटी संपलं. मे महिनाभर बांध उघडा तापला, माथ्यावर बोट जाईल अशा भेगा पडल्या. जुलैत एका रात्रीत दोन मीटर पाणी चढलं. सकाळी सातला गेलो तर जुना नाल्याचा काठ आणि नवा भराव जिथं जुळतो, तिथं मागच्या उतारावर करंगळीएवढी धार. धार लहान, पण पाणी दुधाळ-पिवळं. तिथंच मला धास्ती बसली, कारण स्वच्छ पाझर आणि गढूळ धार यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. गढूळ धार म्हणजे बांध आतून चाललाय. दुपारी त्या भोकात घागर गेली असती. चारच्या सुमारास बोगद्याचं छत बसलं आणि पाण्यानं बांध कापून काढला.

कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, "भाऊ, उंदरायनं पोखरलं, दुसरं काय!" मी पाणी ओसरल्यावर उरलेल्या तोंडात टॉर्च मारून पाहिलं. उंदराचं बीळ वळतं, फाटे फुटतात, तोंडाशी उकरलेल्या मातीचा ढीग असतो. इथं तसं काही नव्हतं. भेगेच्या रेषेत गेलेला, गुळगुळीत भिंतींचा बोगदा होता.

आता माती असं का करते ते पाहू. चिकणमातीचे कण म्हणजे अतिबारीक पापुद्रे. त्यांच्यावर कॅल्शियम चिकटलेलं असलं की ते एकमेकांना धरून राहतात. सोडियम जास्त असला की गोडं पाणी लागताच ते एकमेकांना ढकलतात आणि ढवळल्याशिवाय, वाहत्या पाण्याशिवाय, आपोआप पाण्यात सुटतात. यालाच इंजिनिअर डिस्पर्सिव्ह क्ले म्हणतात, आपण चोपण माती म्हणतो. साध्या काळ्या मातीत भेगेतून पाणी शिरलं तर माती फुगते आणि बरेचदा भेग मिटते. चोपण मातीत पाणी भेगेच्या भिंतीचे कण घेऊन बाहेर पडतं. भेग मोठी होते, पाणी वाढतं, आणखी कण जातात. म्हणून हे बांध बहुतेक पहिल्याच भरावाला जातात.

ही काही नवी गोष्ट नाही. ऑस्ट्रेलियात इमर्सन यांनी मातीच्या खड्याची चाचणी १९६७ साली मांडली. अमेरिकेत शेरार्ड आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली पिनहोल टेस्ट छापली. दाबलेल्या मातीत १ मिलिमीटरचं छिद्र पाडायचं आणि त्यातून डिस्टिल्ड वॉटर सोडायचं. चोपण मातीत फक्त ५० मिलिमीटर पाण्याच्या दाबाला काही मिनिटांत पाणी गढूळ येतं आणि छिद्र रुंदावतं. चांगली चिकणमाती मीटरभर दाबालाही स्वच्छ पाणी सोडते. आमच्या बांधावर तर दोन मीटर पाणी होतं.

यावर साहेब लोकांचं पहिलं उत्तर असतं, "मातीचा रिपोर्ट आहे ना." रिपोर्टात काय असतं? चाळणी, लिक्विड लिमिट, प्लास्टिक लिमिट, दाबाई. यातली एकही चाचणी डिस्पर्शन सांगत नाही. कागदावर अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन मातींपैकी एक बांध धरते, दुसरी वाहून जाते.

दुसरं उत्तर, "दाबाई नीट झाली नाही." हे अर्धं खरं आहे आणि मी ते मान्य करतो. आमच्या बांधात जुना काठ पायऱ्या करून कापला नव्हता, थर जाड टाकले होते, पाणी मारलं नव्हतं. पाण्याला वाट त्यामुळंच मिळाली. पण कच्ची दाबाई असलेले बांध दुसऱ्या तालुक्यातही आहेत. ते झिरपतात, खचतात, पण असे एका दिवसात बोगदा पडून जात नाहीत. वाट दाबाईनं दिली, बोगदा मातीनं केला.

बांध गेल्यावर मी तीन ठिकाणची माती घेतली: वरची एक फुटातली, खड्ड्याच्या तळाची म्हणजे दीड मीटर खालची, आणि फुटलेल्या बांधाची. तिन्हींचे हरभऱ्याएवढे खडे, ओल जशी होती तशी, उन्हात न वाळवता. काचेचे ग्लास काळ्या कापडावर ठेवले. खडे हळूच सोडले, ढवळलं नाही. दहा मिनिटांनी, तासानं आणि सहा तासांनी पाहिलं.

पहिल्या दिवशी मीच फसलो. ग्लासात विहिरीचं पाणी घेतलं होतं. तिन्ही खडे फुटून ढीग झाले, पण वरचं पाणी नितळ. म्हटलं, माती चांगली दिसते! मग डोक्यात उजेड पडला. आपल्या विहिरीचं पाणी खारं आहे, आणि खाऱ्या पाण्यात कण सुटत नाहीत, खाली बसतात. बांधात तर पावसाचं पाणी भरतं. दुसऱ्या दिवशी बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर आणलं. वरच्या मातीचा खडा ढासळला, कडेला किंचित धूसर. खालच्या मातीच्या खड्याभोवती दहा मिनिटांत दुधाळ वलय, तासाभरात तळ झाकला. बांधाची मातीही तशीच.

इथं दोन गोष्टींची गल्लत करू नका. खडा फुटून ढीग होणं म्हणजे ढासळणं. काळी माती तसं करतेच, त्यानं घाबरू नका. खड्याभोवती धुकं पसरणं आणि ते तासन्‌तास खाली न बसणं म्हणजे माती सुटणं. धोका त्याला आहे. ग्लासभर गढूळ पाण्यात चमचाभर जिप्सम टाका, थोड्या वेळात गढूळपणा गोळा होऊन खाली बसू लागतो. कॅल्शियमनं कण परत धरले, एवढाच त्याचा अर्थ.

खालचीच माती जास्त वाईट का? पूर्णा खोऱ्यात सोडियमचं प्रमाण खोलीबरोबर वाढत जातं. आपण खड्डा करतो तेव्हा चांगली माती आधी निघते आणि बांधाच्या तळाशी जाते, सगळ्यात चोपण माती शेवटी निघते आणि माथ्यावर, बाहेरच्या अंगाला बसते. तिथंच ऊन लागतं, तिथंच भेगा पडतात. वरच्या फुटाची माती तपासून पास करणं म्हणजे पोत्याच्या तोंडचे दाणे पाहून माल घेण्यासारखं आहे.

आणखी एक खबरदारी. काही माती अखंड खड्यात शांत राहते आणि मळल्यावर सुटते. बांधकामात माती मळलीच जाते. म्हणून तीच माती डिस्टिल्ड वॉटरनं मळून, गोळी करून, दुसऱ्या ग्लासात टाका.

चाचणीची मर्यादाही सांगतो. वलय आलं तर माती चोपण, यात वाद नको. वलय नाही आलं म्हणजे माती निर्दोष असं मात्र नाही. काही चोपण माती या चाचणीतून सुटून जाते. तलाव मोठा असेल, खाली घरं असतील, तर पिनहोल आणि डबल हायड्रोमीटर चाचणी प्रयोगशाळेतून करूनच घ्या. माती परीक्षणात ईएसपी, म्हणजे सोडियमची टक्केवारी, मागा. १५ ही जुनी सीमा झाली. ऑस्ट्रेलियात ६ च्या पुढं सावध होतात, आपणही व्हावं.

"मग खारपाणपट्ट्यात बांधच नको का?" असं विचारतात. हवेत की! पण मातीला ओळखून. दुसरी माती जवळ असेल तर ती आणा. नसेल तर पाण्याकडच्या उताराला आणि माथ्याला ३० सेंटिमीटर थरात विझवलेला चुना मिसळा. २ टक्के धरले तर एका घनमीटर दाबलेल्या मातीला साधारण ३२ किलो लागतो. आमच्या बांधाला असं अंदाजे ७५ घनमीटर काम होतं, म्हणजे २४०० किलो, ५० किलोच्या ४८ गोण्या. प्रमाण पक्कं करायला १, २, ३ टक्के मिसळून ओले गोळे काही दिवस झाकून ठेवा आणि परत ग्लासात टाका. जिथं वलय थांबलं ते प्रमाण. तयार बांधावर वरून फक्की भुरकवून काही होत नाही, चुना मातीत मिसळायलाच हवा. दाबाई १५ सेंटिमीटरच्या ओलसर थरांत, जुना काठ कापून. मागच्या अंगाला स्वच्छ वाळूचा पट्टा ठेवा. सुटलेले कण तिथं अडकतात आणि गळती गुदमरते. आणि बांध मे महिन्याच्या उन्हात उघडा टाकू नका.

माझी मागणी फार मोठी नाही. बांधाच्या, तलावाच्या प्रत्येक इस्टिमेटला खड्ड्याच्या पूर्ण खोलीची माती, डिस्टिल्ड वॉटरमधला फोटो आणि सहा तासांनंतरचा फोटो जोडलेला असावा. त्याशिवाय जेसीबी लागू नये. ग्रामसभेत तुम्हीच ग्लास घेऊन जा. साहेबांसमोर खडा सोडा आणि गप्प बसा, पुढचं पाणीच बोलेल.

तुमच्या भागात जुन्या बांधाच्या माथ्यावर उभी भोकं दिसत असतील, किंवा डबक्यातलं पाणी आठ-आठ दिवस नितळत नसेल, तर या आठवड्यात एक ग्लास भरा. पावसाचं पाणी घ्या, विहिरीचं नको.