रंग आला नाही म्हणजे क्लोरीन नाही, असं नव्हे



आपल्या भंडारा जिल्ह्यात बऱ्याच गावांत पाण्यात टीसीएल पावडर टाकली जाते. क्लोरीन पुरेसा आहे का, ते ओटी चाचणीने पाहायची सवय जुनी आहे. ओटीत क्लोरीन वाढला की पिवळा रंग गडद होत नारिंगीकडे जातो. ओटीचे रसायन अपायकारक मानले जाते, त्यामुळे डीपीडी वापरणे केव्हाही चांगले. पण जुनी सवय तशीच लावली तर डीपीडी फसवते.

डीपीडीची १ नंबरची गोळी १० मिली पाण्यात विरघळवली की मोकळा क्लोरीन तिच्या रेणूतून एक इलेक्ट्रॉन काढून घेतो आणि पाणी गुलाबी होते. हा रंग लगेच, मिनिटभरातच तक्त्याशी जुळवायचा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर सांगितले आहे. पण क्लोरीन फारच जास्त असेल, तर तो त्याच रेणूतून दुसराही इलेक्ट्रॉन काढतो. आता तयार होणारा पदार्थ रंगहीन असतो. साधारण ५ मिलिग्रॅमच्या पुढे रंग फिका पडू लागतो, १० च्या पुढे पार उडूही शकतो.

एक उदाहरण बघू. शाळेची टाकी १,००० लिटरची. ताज्या टीसीएलमध्ये सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. ५ ग्रॅम टाकायची ती चुकून ५० ग्रॅम पडली, तर लिटरमागे सुमारे १६ मिलिग्रॅम क्लोरीन झाला. गोळी टाकली, क्षणभर गुलाबी झाक दिसली आणि गेली. वहीत 'शून्य' लिहिले गेले, आणि वरून आणखी पावडर पडली! खरा धोका हाच.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे, पातळ करून पुन्हा तपासल्याशिवाय वहीत 'शून्य' लिहूच नये. १ मिली नमुना घ्या, त्यात ९ मिली डिस्टिल्ड वॉटर घाला आणि नवी गोळी टाका. गुलाबी रंग आला नि १.४ वाचले, तर मूळ पाण्यात १० पट, म्हणजे १४ मिलिग्रॅम क्लोरीन आहे. यावेळीही पाणी कोरेच राहिले, तरच क्लोरीन कमी आहे असे समजा. विहिरीचे पाणी मिसळू नका, त्यातला गाळ आणि सेंद्रिय घाण क्लोरीन खाऊन टाकते. नाकालाही विचारा: उग्र वास येतोय आणि रंग मात्र नाही, तर शंका घ्यायलाच हवी.

वर्गात हे सहज दाखवता येते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये गोळी विरघळवा आणि टीसीएलचे निवळलेले पाणी थेंबथेंब सोडा. रंग चढेल, गडद होईल, मग उतरेल. तो उतरताना पाहिलेला मुलगा 'रंग नाही' आणि 'क्लोरीन नाही' यात गल्लत करणार नाही.