'कल्ट' लिहिण्याआधी

देवगाव फाट्यावर मंठ्याकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत चहाच्या टपरीवर बसलो होतो. तेवढ्यात सेलूच्या माझ्या एका मित्राची मुलगी तिथे उतरली. एम.ए.ला समाजशास्त्र घेतलंय तिनं. एका चर्चासत्रासाठी मराठवाड्यातल्या नव्याने वाढणाऱ्या धार्मिक गटांवर शोधनिबंध लिहिला होता आणि दुसऱ्या दिवशी पाठवायचा होता. "चाचा, गाडी येईपर्यंत एकदा नजर टाका ना," म्हणत तिनं पिशवीतून अठरा-वीस पानं काढली.

पोरीनं मेहनत केली होती. गावोगाव फिरून माणसांशी बोलली होती. पण एक गोष्ट खटकली. ओशोंच्या ध्यान केंद्राला ती 'न्यू रिलिजस मूव्हमेंट' म्हणत होती, पार्श्वभूमी म्हणून घेतलेल्या महानुभावांना 'सेक्ट' आणि तबलिगी जमातीला 'कल्ट'. मी विचारलं, हे तीन शब्द असेच का वाटून दिलेस? ती प्रामाणिकपणे म्हणाली, "चाचा, तोच तोच शब्द परत परत नको म्हणून बदलले. मराठीत तर सगळ्यांना पंथच म्हणतात ना?"

तिचं उत्तर अगदी चूक नव्हतं. मराठीत आपण वारकरी पंथ म्हणतो, महानुभाव पंथ म्हणतो, नाथपंथ म्हणतो आणि वर्तमानपत्रात एखाद्या बाबाच्या भानगडीची बातमी आली तर तोही पंथच. आपल्या या एका शब्दात इंग्रजीतले तिन्ही शब्द बुडून जातात. मग इंग्रजीत लिहायची वेळ आली की बुडालेले शब्द वर काढताना जो हाताला लागेल तो लागतो. आणि कोणता शब्द कोणाच्या वाट्याला येतो हे तेव्हा अभ्यास ठरवत नाही, कानावर पडलेलं ठरवतं. २०२० साली टीव्हीवर तबलिगींसाठी जे शब्द वापरले गेले, ते तिच्या कानावर पडले होते. तेव्हा ती शाळकरी वयाची असेल.

'सेक्ट' या शब्दाचा जन्म युरोपातल्या चर्चच्या अंगणातला आहे. जर्मन अभ्यासक एर्न्स्ट ट्रोल्च यांनी १९१२ साली मांडणी केली ती अशी: चर्च म्हणजे ज्यात माणूस जन्मतःच असतो, ज्याचं समाजाशी आणि सत्तेशी जुळलेलं असतं. सेक्ट म्हणजे त्यातून बाहेर पडलेला, स्वेच्छेनं जमलेला, नियमांनी कडक असा छोटा गट. म्हणजे सेक्ट म्हणायचं तर आधी 'कशातून फुटला' हे सांगावं लागतं. इथेच आपली अडचण सुरू होते. हिंदू परंपरेत एक चर्च नाही, इस्लाममध्येही नाही. चक्रधरस्वामींचे अनुयायी तेराव्या शतकात नेमके कशातून फुटले? वेदप्रामाण्य आणि जातिभेद त्यांनी नाकारला हे खरं, पण त्यांना बाहेर काढणारं किंवा आत ठेवणारं एक पीठ तरी कुठे होतं? महानुभावांना सेक्ट म्हणायला हरकत नाही, पण मग पुढच्याच ओळीत हे सांगावं लागेल की इथे हा शब्द उसना आहे आणि तो एवढ्यापुरताच लागू पडतो.

'कल्ट'चं प्रकरण जास्त फसवं आहे, कारण त्या शब्दाचे तीन अर्थ एकाच वेळी चालू आहेत. जुना अर्थ नुसता उपासना असा. फादर देलरी यांचं पंढरपूरवरचं इंग्रजी पुस्तक १९६० साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने काढलं, त्याचं नाव 'द कल्ट ऑफ विठोबा'. तिथे कल्ट म्हणजे विठोबाची भक्ती, बाकी काही नाही. दुसरा अर्थ समाजशास्त्रातला. स्टार्क आणि बेनब्रिज या दोघांनी तो नीट मांडला: जुन्या धर्मातून फुटलेला गट तो सेक्ट आणि त्या समाजाला अगदीच नवा, कोणीतरी नव्यानं सुरू केलेला किंवा परदेशातून आलेला तो कल्ट. यातही शिवी नाही. तिसरा अर्थ मात्र १८ नोव्हेंबर १९७८ नंतर सगळ्या जगात पसरला. गयानातल्या जोन्सटाउनमध्ये आणि आसपास त्या दिवशी ९०० हून जास्त माणसं मेली, त्यात कितीतरी लेकरं होती. तेव्हापासून कल्ट म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे विष आणि वेडा पुढारी उभा राहतो. तुम्ही तळटीपेत कितीही लिहा की मी हा शब्द दुसऱ्या अर्थानं वापरतोय, वाचक तिसराच अर्थ घेऊन घरी जातो. म्हणून बऱ्याच अभ्यासकांनी 'नवी धार्मिक चळवळ' हा शब्द धरला.

मी तिला विचारलं, आता तबलिगी जमात यातल्या कोणत्या कप्प्यात बसते ते तूच सांग. मौलाना इलियास यांनी १९२० च्या दशकात मेवातमध्ये हे काम सुरू केलं. नवा कलमा नाही, नवा ग्रंथ नाही, नवा पैगंबर तर नाहीच. नमाज तीच, मशीद तीच. माणसानं तीन दिवस, चाळीस दिवस किंवा चार महिने स्वतःच्या खर्चानं फिरायचं आणि मुसलमानांनाच नमाजेची आठवण करून द्यायची. सभासदत्वाची नोंदवही नाही, म्हणून आत कोण आणि बाहेर कोण हेही काटेकोर सांगता येत नाही. स्टार्क-बेनब्रिजच्या मोजपट्टीनं हा कल्ट नाही, कारण नवा धर्मच नाही. ट्रोल्चच्या मोजपट्टीनं सेक्टही नाही, कारण फूट नाही. शंभर वर्षं होत आली, तर 'नवी' तरी किती म्हणायची? देवबंदी विचाराच्या आतली सुधारणेची, उपदेशाची चळवळ, एवढं साधं वर्णन पुरतं.

ती म्हणाली, "पण चाचा, एका बापानं मला सांगितलं की पोराचं ब्रेनवॉश केलंय." मी म्हणालो, ते वाक्य बापाचं म्हणून दे, तुझं म्हणून नको. आणि मोजता येतं तेवढं मोज. आयलीन बार्कर या ब्रिटिश बाईंनी मून यांच्या पंथाबद्दल नेमका हाच प्रश्न घेतला होता. १९७९ साली लंडनच्या आसपास त्यांच्या शिबिरांना हजाराहून जास्त लोक आले, त्यातले दहातले नऊ सामीलच झाले नाहीत. मेंदू धुण्याचं काही यंत्र असतं तर एवढे लोक कोरडे कसे परतले असते? तुझ्या गावांतही विचार: तीन दिवसांना किती पोरं गेली, त्यातली चाळीस दिवसांना किती, आणि त्यानंतर परत गेलीच नाहीत अशी किती? जे सोडून आले त्यांना विचार, जे अजून जातात त्यांनाही विचार. सोडून आलेला कटू बोलतो, आतला गोड बोलतो. दोघांचं खरं असतं आणि दोघांचं अपुरं.

यावर तिचा प्रश्न बरोबर होता: "मग खरंच वाईट घडलं असेल तर लिहायचंच नाही का?" लिहायचं, पण जे घडलं ते. ओशोंचंच घ्या. पुण्याचा आश्रम १९७४ चा. १९८१ साली मंडळी अमेरिकेतल्या ओरेगॉनला गेली. १९८४ साली तिथल्या द डॅलस गावात हॉटेलांतल्या सॅलडमध्ये जंतू मिसळले गेले आणि ७५१ माणसं आजारी पडली. ते कम्यूनमधल्या काही पुढाऱ्यांनी केलं, त्यांच्यावर खटले झाले, शिक्षा झाल्या. आता नुसतं 'कल्टनं विष घातलं' असं लिहिलं तर दोन नुकसान होतात. पुण्यात डोळे मिटून ध्यानाला बसणारा एखादा बँकेतला कारकून विनाकारण आरोपी होतो, आणि ज्यांनी खरंच कट रचला ते त्या एका शब्दामागे लपून जातात. कोणी, कुठे, कधी, काय केलं आणि न्यायालय काय म्हणालं, हे लिहिलं की शिवीची गरजच उरत नाही.

मी हे इतकं ताणून का धरलं, ते तिला सांगितलं नाही, इथे सांगतो. २०२० च्या उन्हाळ्यात ज्या दुकानातून आमच्या घरी वीस वर्षं किराणा येत होता, त्या दुकानदारानं मला लांबूनच विचारलं, "तुम्ही तबलिगी का?" मी आयुष्यात कधी गश्तीला गेलेलो नाही. खरं तर आमच्या घरात त्यांच्याशी वादच जास्त. पण त्या महिन्यात तो शब्द गटाचं नाव राहिला नव्हता, अंगावर चिकटवायची चिठ्ठी झाला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं जमातीच्या परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याचं म्हटलं. निकाल लागला, पण किराणा दुकानातला प्रश्न काही निकालानं परत घेतला जात नाही.

शब्द किती काळ चिकटतो ते मराठीलाच विचारा. महानुभावांचे ग्रंथ सांकेतिक लिप्यांत होते, बाहेरच्याला वाचता येत नव्हते. न कळणाऱ्या गोष्टीबद्दल लोक जे करतात तेच झालं, संशय धरला. 'महानुभाव'चा 'मानभाव' झाला आणि 'मानभावी' म्हणजे वरून साळसूद, आतून कपटी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या लिप्या उलगडल्या, आतून 'लीळाचरित्र' निघालं, मराठी गद्याचं आद्य वैभव. विद्यापीठांत ते शिकवलं जातं. तरी आजही आपण 'मानभावीपणा' सहज बोलून जातो, आणि ती एका पंथाला दिलेली शिवी आहे हे ध्यानातही येत नाही.

आणि हे फक्त दुसऱ्यांनी पाळायचं पथ्य नाही. आपल्या मोहल्ल्यात बघा. आपला तो मसलक आणि पलीकडच्या मशिदीचा तो फिरका. देवबंदी, बरेलवी, अहले हदीस, प्रत्येकाकडे दुसऱ्यासाठी एक तयार शब्द आहे, आणि अहमदियांचं नाव निघालं की सगळ्यांकडे एकच. श्रद्धेचा वाद वेगळा, तो ज्याचा त्यानं घालावा. पण वर्णन करायला बसलो की नियम बदलतो, आणि हा नियम आपल्याला काही युरोपनं शिकवलेला नाही. बाराव्या शतकातल्या शहरस्तानींनी 'अल-मिलल वन्-निहल' या ग्रंथाच्या सुरुवातीलाच अट घातली आहे की प्रत्येक गटाचं मत त्या गटाच्याच पुस्तकांत सापडतं तसं देईन, बाजू घेणार नाही. ती अट त्यांनी सगळीकडे पाळली का यावर अभ्यासक अजून भांडतात. त्यांच्याआधीचे बगदादी बघा, त्र्याहत्तर फिरक्यांची बेरीज जमवून बहात्तर जणांना बाहेर काढण्यात त्यांचा ग्रंथ खर्ची पडला. माहिती दोघांकडेही भरपूर. आज एखाद्या लुप्त गटाला काय वाटत होतं हे शोधायचं असेल तर मी आधी शहरस्तानी उघडेन.

गाडी आली तेव्हा ती पेन काढून शीर्षकाखालचं वाक्य खोडत होती. तिनं ठरवलं ते असं: प्रत्येक गट स्वतःला जे म्हणवतो तेच नाव लिहायचं, सुरुवातीच्या एका परिच्छेदात तिन्ही शब्दांचे अर्थ द्यायचे आणि निबंधात त्यातला एकच वापरायचा, तोही लागू पडेल तिथे. बापाचं वाक्य अवतरणात जाणार होतं. आणखी दोन गावांत जाऊन तीन दिवसांना गेलेल्या पोरांची मोजदाद करायची म्हणत होती, म्हणजे निबंध उद्या काही जाणार नव्हता. खिडकीतून मी विचारलं, मुदतीचं काय? म्हणाली, "मॅडमना फोन करते, चाचा. पण मॅडमनी विचारलं की कल्ट का काढलं, तर काय सांगू?"

मी म्हणालो, त्यांना विचार की आधी का घातलं होतं.