बाण काढलाय, पण कुठून कुठे?

परीक्षा जवळ आल्या की कॉलेजच्या कट्ट्यावर एक सल्ला हमखास फिरतो. "थिअरीत काय लिहिलंय ते कोण वाचतंय? हेडिंग टाक, फ्लोचार्ट काढ, कीवर्ड अंडरलाइन कर." सीनियर ज्युनियरला सांगतात, क्लासवाले सांगतात, काही प्राध्यापकही सांगतात. हा सल्ला अर्धा बरोबर आहे, आणि घोळ उरलेल्या अर्ध्यातच होतो.

बरोबर अर्धा असा: तपासणाऱ्याच्या हातात बहुतेकदा उत्तरसूची असते आणि पंधरा गुणांचा प्रश्न तिथे तुकड्यांत वाटलेला असतो. अमुक संकल्पनेला इतके, अभ्यासाच्या उल्लेखाला इतके, टीकेला इतके. समोर गठ्ठा असताना तो आपल्या उत्तरात हे तुकडे शोधत असतो. तीन पानी सलग परिच्छेदात टीकेची दोन वाक्यं दडलेली असतील तर ती निसटू शकतात. मथळा दिला की त्याला जागा सापडते. म्हणजे मांडणी मुळात पत्ता सांगण्याचं काम करते. आता त्या पत्त्यावर घरच नसेल तर पाटी कितीही सुबक रंगवा, काय उपयोग?

मास कॉमच्या पेपरातला नेहमीचा प्रश्न घेऊ. 'टू-स्टेप फ्लो सिद्धान्त स्पष्ट करा. आजच्या समाजमाध्यमांच्या काळात तो लागू पडतो का?' गुण १५. पेपर ७५ गुणांचा आणि अडीच तासांचा धरला तर एका गुणाला दोन मिनिटं, म्हणजे या उत्तराला अर्धा तास.

सरसकट दिसणारं उत्तर कसं असतं? प्रस्तावना, अर्थ, व्याख्या, वैशिष्ट्ये, महत्त्व, निष्कर्ष. प्रत्येक मथळ्याखाली दोन रेघा. मध्ये एक फ्लोचार्ट, ज्यात हेच शब्द चौकटींत टाकून बाणांनी जोडलेले. 'अर्थ'कडून 'वैशिष्ट्ये'कडे जाणारा बाण नेमकं काय सांगतो? काहीच नाही. हे मथळे 'रेडिओचे फायदे' या उत्तरालाही जसेच्या तसे चालतील. जो मथळा कुठल्याही प्रश्नाला चालतो, तो या प्रश्नाबद्दल तपासणाऱ्याला काही सांगत नाही.

याच उत्तराचे मथळे वेगळे करून बघा. 'आधीचा समज: माध्यमांचा थेट परिणाम'. 'इरी काउंटीत काय आढळलं'. 'ओपिनियन लीडर म्हणजे कोण'. 'सिद्धान्त कुठे अपुरा पडतो'. 'इन्फ्लुएन्सर हा ओपिनियन लीडर आहे का?' नुसते मथळे वाचूनही युक्तिवाद कळतो, आणि प्रश्नाच्या दुसऱ्या वाक्याला स्वतंत्र जागा मिळते. बहुतेक जण ते दुसरं वाक्य शेवटच्या दोन ओळींत उरकतात आणि मग म्हणतात, मार्क कुठे गेले कळलंच नाही.

आता फ्लोचार्ट. टू-स्टेप फ्लोला तो शोभतो, कारण सिद्धान्तच मुळी कोणाकडून कोणाकडे काय जातं याबद्दल आहे. वर एक छोटी आकृती काढा: माध्यमं, तिथून बाण थेट लोकांकडे. हा जुना समज. तिच्याखाली दुसरी: माध्यमांकडून बाण ओपिनियन लीडरकडे, त्याच्याकडून त्याच्या ओळखीच्या माणसांकडे. पहिल्या बाणावर लिहा 'बातम्या, भाषणं', दुसऱ्यावर 'गप्पा, सल्ला'. मग माध्यमांकडून लोकांपर्यंत एक तुटक बाण, त्यावर 'बातमी थेटही पोहोचते'. ही नंतरच्या अभ्यासकांची टीका. चार मिनिटांचं काम, पण आधीचा समज, मूळ सिद्धान्त आणि टीका तिन्ही एका जागी आले. खाली मजकुरात 'तुटक बाण पाहा' असा उल्लेख हवाच, नाहीतर आकृती नुसती शोभेची राहते.

फ्लोचार्टचा एक धोकाही आहे: तो चूक उघडी पाडतो. शॅनन-वीव्हर मॉडेल काढताना कित्येक जण रिसीव्हरकडून सेंडरकडे परत जाणारा 'फीडबॅक'चा बाण बिनधास्त टाकतात. शॅननच्या १९४८च्या मूळ आकृतीत तो नाही. ते मॉडेल एकाच दिशेने जातं आणि त्यावरची मुख्य टीकाच ती आहे. परिच्छेदात ही गफलत कदाचित खपून गेली असती, चौकटीत लगेच डोळ्यांत भरते.

आणि काही उत्तरांना बाण नकोच. मराठी पत्रकारितेच्या इतिहासात 'दर्पण' (१८३२), 'ज्ञानोदय' (१८४२), 'केसरी' (१८८१) बाणांनी जोडले की एकातून दुसरं निघालं असा अर्थ होतो. तिथे सालं लिहिलेली साधी रेघ पुरते.

अंडरलाइनचं तर आपल्याकडे व्यसन झालंय. 'अत्यंत महत्त्वाचा सिद्धान्त' याखाली रेघ असते, त्याच वाक्यातल्या लाझर्सफेल्डखाली नसते. समजा आपण लिहिलं: '१९४०च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत लाझर्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातल्या इरी काउंटीत सुमारे ६०० मतदारांच्या त्याच गटाशी मे ते नोव्हेंबर पुन्हा पुन्हा बोलून अभ्यास केला, तो १९४४ मध्ये पुस्तकरूपाने आला.' यात रेघ कुठे? इरी काउंटीखाली आणि 'त्याच गटाशी पुन्हा पुन्हा' याखाली, कारण मत कसं बदलत गेलं हे त्या पद्धतीमुळेच टिपता आलं. बस, दोन रेघा. लिहिताना रेघा मारत बसू नका, उत्तर संपल्यावर एकदा वाचत मारा. एखाद्या परिच्छेदात रेघ मारण्याजोगं काहीच सापडलं नाही तर तो परिच्छेद पाणी आहे, हे तुम्हाला तपासणाऱ्याआधी कळेल.

रंगांची हौस मात्र घरी ठेवा. लाल-हिरवी शाई तपासणाऱ्यांची समजली जाते आणि चमचमीत पेनं ओळखीची खूण ठरायची भीती असते. शिवाय मुंबई विद्यापीठात २०१७ पासून आपण ऑनस्क्रीन तपासणी पाहतोय (त्या वर्षी रखडलेले निकाल कोण विसरेल?). स्कॅन केलेल्या पानावर पेन्सिलची फिकट रेघ पुसट होऊ शकते. आकृती पेन्सिलने काढायचीच असेल तर रेघ ठसठशीत काढा आणि चौकटीतली नावं पेनने लिहा.

इथवर आपली बाजू झाली. पण हा सल्ला कट्ट्यावर फिरतो याला कॉलेजं आणि विद्यापीठंही जबाबदार आहेत. आकृतीला गुण आहेत की नाहीत, असले तर किती, हे प्रश्नपत्रिकेत सहसा लिहिलेलं नसतं. मग प्रत्येक जण अंदाज बांधतो. ज्याचं अक्षर देखणं, ज्याला क्लासने टेम्प्लेट दिलंय, त्याचा अंदाज बरा ठरतो. खेड्यातल्या कॉलेजात सलग, नीट विचार करून लिहिणारी मुलगी मागे पडली तर तिला कारणही कळत नाही. 'आकृतीसह' असा शब्द आणि पुढे गुणांची फोड छापायला जास्तीचा कागद लागत नाही. निकालानंतर उत्तरसूची जाहीर करणंही अवघड नाही.

तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे. तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात पाहता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलंय, आणि अनेक विद्यापीठं शुल्क घेऊन फोटोकॉपी देतात. आपण ती मागतो फक्त नापास झाल्यावर. या वेळी ५५ मिळालेल्या पेपरची मागवून बघा. सगळ्यात सुंदर फ्लोचार्ट असलेल्या उत्तराला किती पडले आणि घाईत, बिनरेघांच्या लिहिलेल्याला किती, हे शेजारी शेजारी ठेवून तपासा.