"हा तर तुमचा अनुभव, पुरावा कुठाय?"

परवा घाटनांदूर स्टेशनजवळ चहा घेताना एक प्राध्यापक मित्र म्हणाले, "तुम्ही ऊसतोडीवर लिहिता, पण सगळं घरचंच. संशोधनात हे चालत नाही, फार व्यक्तिनिष्ठ होतं."

सर, चालतं. स्वतःचं आयुष्य माहिती म्हणून तपासायच्या या पद्धतीला ऑटोएथ्नोग्राफी म्हणतात. हा शब्द रूढ व्हायच्या कितीतरी आधी बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'त हेच केलं होतं.

१९२९ चं चाळीसगाव बघा. बाबासाहेब सरकारी समितीचे सदस्य. स्टेशनवर महारवाड्यातली मंडळी घ्यायला आली, पण टांगा काही येईना. तासभर ताटकळत बसले. शेवटी टांगा आला. वाटेत नदीवरच्या फरशीवर चाक अडकलं, बाबासाहेब दगडावर फेकले गेले, पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत.

इथवर नुसता अनुभव. तेवढाच लिहिला असता तर काय दिसलं असतं? टांगेवाला अडाणी, बाकी नशीब. पण त्या फरशीवरून रोज टांगे जातात, मग आजच कसं झालं, हा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी चौकशी केली तेव्हा कळलं, की अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता. मालकानं टांगा भाड्यानं दिला, हाकायला मात्र आला नाही. म्हणून ज्यानं कधी टांगा हाकला नव्हता असा आपल्यातलाच माणूस बसला. पाय मोडला तो जातीनं, आणि हे नुसत्या दुखऱ्या पायाला कळलं नसतं. शिवाय बाबासाहेब स्वतःवरच थांबले नाहीत. 'यंग इंडिया'त छापून आलेलं काठेवाडातल्या एका शिक्षकाचं पत्रही त्यांनी सोबत जोडलं. बाळंतीण बायकोला डॉक्टरनं हात लावला नव्हता, त्याचं ते पत्र.

आता माझं. कोपीत मी तापानं फणफणलेलो आणि माय पहाटे फडात निघून गेली, ही आठवण मी तीस वर्षं राग म्हणून सांभाळली. दोन वर्षांपूर्वी मायला विचारलं. ती म्हणाली, "मी घरी बसले असते तर कोयता मोडला असता रं. खाडा पडला असता." कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एक बसलं की खाडा दोघांचा, आणि तो उचलीतून वळता होणार. त्याच टोळीतल्या आणखी तिघींना विचारलं, तिघींनीही तेच सांगितलं. आठवण खरी होती, मी लावलेला अर्थ चुकीचा होता.

यावरून असे खाडे किती जणींवर पडले हे सांगता येत नाही. त्याला मोजणीच लागते, तिथं सर बरोबर. ते कसे पडतात, एवढं मात्र सांगता येतं. आणि हो, हे छापायच्या आधी मायला वाचून दाखवलं. तापाचं राहू दे म्हणाली, दुसरी एक गोष्ट काढायला लावली.

सरांचा एक टोला मात्र बसला. म्हणाले, "मुकादमाला विचारलं का?" नाही विचारलं. म्हातारा अजून आहे. पुढच्या आठवड्यात जातोय.