रात्रीची गोळी

पेठेतील औषधांच्या दुकानात 72 वर्षांच्या एक काकू महिन्याची औषधे घेण्यास आल्या. चिठ्ठीवर आठ औषधे होती. त्यांनी मागितली सात. वगळलेली गोळी कोलेस्टेरॉलची, एटोर्वास्टॅटिन 40. फार्मासिस्टने मागील बिले चाळली, तेव्हा दोन महिन्यांपासून ती त्यांनी नेलीच नव्हती.

"रिपोर्ट नॉर्मल आला ना," काकू म्हणाल्या. "शिवाय ती रात्रीची. माझा चौविहार, सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाही."

आठांतील एखादी गोळी कमी व्हावी, ही इच्छा गैर नव्हे. निवड मात्र चुकली होती.

"काकू, तीन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला, तेव्हा तुमचे एलडीएल 142 होते. गेल्या रिपोर्टमध्ये 66 आहे. ते गोळीमुळेच उतरले. कर्जासारखे हे एकदा फिटत नाही; दुकानाच्या भाड्यासारखे चालू ठेवावे लागते."

"पण तूप तर मी केव्हाच सोडले!"

"आपल्या शाकाहारात दूध-तुपाखेरीज कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतेच. बराचसा भाग यकृत स्वतः तयार करते. गोळी ती निर्मिती मंदावते. मग यकृत रक्तातले एलडीएल अधिक ओढून घेते. गोळी थांबली की काही आठवड्यांत आकडा पुन्हा चढतो, आणि तो चढल्याचे शरीराला कळत नाही. स्टेंटने एक जागा मोकळी केली; बाकीच्या रक्तवाहिन्यांत साचलेला थर तसाच आहे. त्यावरचे आवरण फाटले तर तेथे गुठळी होते आणि झटका येतो. ही गोळी ते आवरण टिकाऊ करते."

राहिला प्रश्न रात्रीचा. काही जुन्या स्टॅटिन गोळ्यांचा प्रभाव लवकर ओसरतो आणि यकृताचे हे काम रात्री अधिक चालते, म्हणून त्या निजताना देत. एटोर्वास्टॅटिनचा प्रभाव दिवसभर टिकतो; ती सकाळी घेतली तरी चालते, वेळ रोज एकच ठेवावी. फार्मासिस्टने डॉक्टरांना दूरध्वनी केला. त्यांनी गोळी पुन्हा सुरू करण्यास व सकाळची वेळ ठरविण्यास होकार दिला, दोन महिन्यांनी रक्ततपासणी सांगितली.

"मांड्या किंवा दंड विनाकारण दुखू लागले, अशक्तपणा वाटला किंवा लघवी गडद झाली, तर लगेच कळवा. तुमचे गुडघे दुखतात, ते निराळे. तो सांध्यांचा त्रास. गोळी कमीच करायची असेल, तर जीवनसत्त्वांची अजून हवी का, हे डॉक्टरांना विचारा."

थायरॉईडची गोळी काकू उपाशीपोटी घेत. म्हणून फार्मासिस्टने ही गोळी नाश्त्यानंतर, रक्तदाबाच्या गोळीबरोबर ठेवली आणि पाकिटावर पेनाने सूर्य काढून दिला.

"चष्मा नसला तरी ओळखू येईल," म्हणत काकूंनी आठवे पाकीट पिशवीत घातले.